चौकट हलते, त्रिकोण हलत नाही

आमच्या वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये कापलेले दोन टायर भिंतीला टेकवून ठेवले आहेत. दोन्ही ट्रकचे आणि दोन्ही वीस इंची रिमचे. एकाच्या अंगावर १०.००-२० लिहिलंय, दुसऱ्याच्या अंगावर १०.०० आर २०. लांबून पाहिलं तर दोघांत काही फरक दिसत नाही. नवीन मुलं कामाला लागली की मी त्यांना पहिल्या दिवशी इथे उभं करतो आणि कापलेल्या कडेवर अंगठा फिरवायला सांगतो. टायर तपासण्याचं काम बरीच वर्षं करतोय, पण या दोन कडा शेजारी शेजारी पाहायला मला अजूनही आवडतात. गाड्यांच्या दुनियेतला एक मोठा बदल त्यांत उघडा पडलेला आहे.

पहिल्या टायरला ट्रकवाले नुसतं ‘नायलॉन’ म्हणतात. त्याच्या कडेत रबर आणि नायलॉनच्या दोऱ्यांचे थर एकावर एक दिसतात. हे थर रिमला धरून बसणाऱ्या तारेच्या कड्यापासून, म्हणजे एका बीडपासून, दुसऱ्या बीडपर्यंत तिरपे गेलेले असतात. एक थर उजवीकडे तिरपा, त्यावरचा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. त्यामुळे थरांची संख्या नेहमी सम. टायरवरच्या ‘१६ पीआर’ या शिक्क्याचा अर्थ आत सोळा थर आहेत असा मात्र नाही. सुती दोऱ्यांच्या जमान्यात तेवढी ताकद यायला सोळा थर लागले असते, एवढंच तो आकडा सांगतो. नायलॉन सुतापेक्षा पुष्कळ मजबूत असल्यामुळे प्रत्यक्षात थर कमीच असतात. हे सगळे थर बाजूच्या भिंतीतही आहेत आणि जमिनीला टेकणाऱ्या पाठीतही. टायर वर, खाली, बाजूला, सगळीकडे एकाच विणीचा.

दुसरा टायर रेडियल. त्याच्या बाजूच्या भिंतीत तारांचा फक्त एक थर आहे. या तारा तिरप्या नाहीत. एका बीडमधून निघून सरळ आडव्या पाठीवरून दुसऱ्या बीडमध्ये जातात. टायर आडवा ठेवून वरून पाहिलात तर त्या केंद्रातून सगळीकडे निघाल्यासारख्या दिसतील. भिंत पातळ आहे, दाबली तर लवते. पाठीपाशी मात्र चित्र बदलतं. तिथे नक्षीच्या रबराखाली पोलादी तारांचे तीन-चार पट्टे चाकाच्या घेरावरून फिरलेले आहेत. कारच्या टायरमध्ये असे दोन पट्टे असतात आणि भिंतीतले दोरे बहुधा पॉलिएस्टरचे असतात. या पट्ट्यांना बेल्ट म्हणतात. त्यांच्यातल्या तारा घेराच्या दिशेशी साधारण वीस अंशांचा कोन करतात, एका पट्ट्यात उजवीकडे, पुढच्यात डावीकडे.

एवढ्याशा फरकाने इतकं सगळं का बदललं, हे समजायला दुकानाचा जाळीचा सरकता दरवाजा डोळ्यांसमोर आणा. तो ओढला की त्याच्या पट्ट्यांचे चौकोन लांब होतात, ढकलला की आखूड आणि उंच होतात. एकही पट्टी लांबत नाही की वाकत नाही. फक्त पट्ट्यांमधला कोन बदलतो आणि प्रत्येक खिळ्यापाशी दोन पट्ट्या एकमेकींवर घासतात. नायलॉन टायरमधली विण अगदी अशीच आहे. दोरे लांबत नाहीत, पण एकमेकांशी केलेला कोन बदलू शकतात.

आता या टायरवर दोन-अडीच टन भार ठेवा. जमिनीला टेकलेला भाग गोलाईतून सपाट होतो. गोलाईची लांबी सरळ रेषेत बसवायची म्हणजे ती थोडी आखडावी लागते. जाळी घेराच्या दिशेने आखडते आणि रुंदीत पसरते. चाक पुढे फिरलं की तो भाग जमीन सोडतो आणि पूर्ववत होतो. तिरप्या दोऱ्यांच्या प्रत्येक दोन थरांमध्ये रबराचा पातळ पापुद्रा असतो. वरचा थर एका बाजूला वळतो, खालचा दुसऱ्या, आणि मधलं रबर दर फेरीला पिळवटतं. रबराचा स्वभाव असा की ताण सोडल्यावर दिलेली सगळी ऊर्जा ते परत करत नाही. काही भाग उष्णता म्हणून ठेवून घेतं.

हे किती वेळा होतं ते बघा. या मापाचा टायर एका फेरीत साधारण सव्वातीन मीटर जातो. ताशी साठच्या वेगाला सेकंदाला पाचेक फेऱ्या होतात. सांगलीहून मुंबईला पोचेपर्यंत टायरचा प्रत्येक भाग लाखाहून अधिक वेळा चेपला जाऊन पुन्हा उठलेला असतो. जाड टायरच्या पोटातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, कारण रबर उष्णता लवकर वाहून नेत नाही. भार जास्त, हवा कमी आणि वेग मोठा असेल, तर बाहेर पडते त्यापेक्षा जास्त उष्णता आत तयार होते. नायलॉन गरम झालं की त्याची ताकद कमी होते, थरांमधली पकड सुटते आणि टायर फुटतो. जुने ट्रकवाले उन्हाळ्यात घाटाच्या आधी थांबून टायरला हात लावून बघायचे, त्याचं कारण हेच.

त्यातच दुसरं नुकसान. पाठीखालची जाळी प्रत्येक फेरीत आखडते-पसरते म्हणजे तिच्यावर चिकटलेली नक्षीही रस्त्यावर थोडी-थोडी सरकते. डोळ्यांना दिसत नाही, पण रस्ता म्हणजे खरखरीत कानसच. गाडी सरळ चालत असतानाही नक्षी घासली जाते.

मग असा टायर एवढी वर्षं का बनवत राहिले? कारण तो बनवायला सोपा होता. कारखान्यात लोखंडी ड्रमवर तिरपे थर एकावर एक गुंडाळायचे, बीड बसवायचे, वर नक्षीचं रबर घालायचं. तयार होतो तो टायर नसतो, दोन्हीकडे उघडं असलेलं पिंपच असतं. हे पिंप साच्यात घालून आतून दाब दिला की ते फुगून टायरच्या आकाराचं होतं. पिंपाचा घेर लहान, टायरचा मोठा. इतकं फुगूनही काही फाटत नाही, कारण विण उघडते आणि दोऱ्यांचा कोन बदलतो. ज्या गुणामुळे टायर कारखान्यात सहज आकार घेतो, त्याच गुणामुळे तो रस्त्यावर तापतो आणि झिजतो. मला तरी या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

रेडियलमध्ये हा मार्ग बंद असतो. पोलादी बेल्टचा घेर वाढत नाही, म्हणून तो पिंपावर गुंडाळून नंतर फुगवता येत नाही. आधी भिंतीचा थर ड्रमवर बनवून टायरच्या आकारात फुगवून घ्यायचा आणि मग त्यावर बेल्ट व नक्षीचं रबर चढवायचं, असं दोन टप्प्यांत काम करावं लागतं. त्याला वेगळी यंत्रं लागतात. बेल्ट एका बाजूला जरासा सरकून बसला तर गाडी आयुष्यभर त्या बाजूला ओढते. जुन्या यंत्रांवर हे जमत नव्हतं. रेडियलचा प्रसार इतका लांबला, त्यात या यंत्रांचा मोठा वाटा आहे.

कल्पना तशी जुनी. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत अशा रचनेची पेटंटं निघाली होती, पण ती कागदावरच राहिली. प्रत्यक्षात टायर आणला फ्रान्सच्या मिशलॅनने. त्यांच्या क्लेर्मों-फेराँच्या कारखान्यात मारियस मिन्योल नावाचा माणूस होता. त्याची सुरुवात छापखान्यातल्या कामापासून झाली असं सांगतात. टायरमध्ये उष्णता नेमकी कुठून येते, या प्रश्नामागे तो लागला होता. ते शोधायला त्याने एक विचित्र टायर बनवला. त्याच्या बाजूच्या भिंती जवळजवळ काढून टाकल्या आणि त्या जागी अंतरा-अंतराने फक्त सरळ आडव्या तारा ठेवल्या. कारखान्यातली माणसं त्याला माश्यांचा पिंजरा म्हणायची. पिंजरा फिरवून बघितला, तर तापमान एकदम खाली आलेलं. उष्णतेचं मूळ तारांच्या एकमेकींना छेदण्यात होतं, आणि इथे छेदायला कुणी उरलंच नव्हतं.

पण नुसत्या आडव्या तारांचा टायर गाडीला दिशा देऊ शकत नाही. स्टेअरिंग वळवलं तर चाक वळेल आणि टायरची पाठ मागे रेंगाळेल. त्यावर उत्तर म्हणून पाठीवर पोलादी पट्टे आले. आता तोच सरकता दरवाजा पुन्हा बघा. त्याच्या प्रत्येक चौकोनावर एक पट्टी आडवी ठोकली तर दरवाजा सरकेल का? चौकोनाचे त्रिकोण झाले की सगळं जाम होतं. बेल्टचे दोन तिरपे थर आणि त्यांच्याखालून जाणारी भिंतीची आडवी तार मिळून टायरच्या पाठीवर असे हजारो त्रिकोण बनवतात. त्यामुळे पाठ आखडत नाही, पसरत नाही. तिथून खाली भिंतीत उतरलं की एकाच दिशेच्या तारा. तिथे जाळी नाही, त्रिकोण नाही, पिळवटायला थर नाहीत. भिंत हवी तशी लवते. आधीच्या टायरमध्ये एकाच विणीला लवायचंही होतं आणि घट्टही राहायचं होतं. इथे लवण्याचं काम भिंतीने घेतलं, घट्टपणाचं बेल्टने.

मिशलॅनने १९४६ मध्ये पेटंट घेतलं आणि १९४९ मध्ये ‘एक्स’ नावाने टायर बाजारात आणला. सित्रोएन ही मोटारकंपनी तेव्हा मिशलॅनच्याच मालकीची होती, म्हणून नव्या टायरला गाडी शोधत फिरावं लागलं नाही. ट्रकचे रेडियल पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आले.

याचे परिणाम गाडी चालवणाऱ्याला कसे जाणवतात? नक्षी जमिनीवर सपाट टेकते आणि सरकत नाही, म्हणून झीज कमी. सारख्याच रस्त्यावर, सारख्याच भाराला रेडियलची नक्षी सहज दीडपट ते दुप्पट टिकते. पिळवटणं कमी म्हणून टायर थंड राहतो, आणि जी ऊर्जा उष्णतेत जात नाही ती डिझेलमध्ये वाचते. ढोबळ हिशोब असा. भरलेला ट्रक महामार्गावर एका वेगाने चालला असेल तर इंजिनाकडून चाकांपर्यंत पोचलेल्या ताकदीचा सुमारे तिसरा हिस्सा नुसते टायर फिरवण्यात जातो. रेडियलने त्यात चतुर्थांश बचत केली तर एकूण बचत एक-द्वादशांश, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास. लिटरला साडेचार किलोमीटर देणाऱ्या ट्रकला तीनशे किलोमीटरला सदुसष्ट लिटर डिझेल लागतं. त्यातलं साधारण साडेपाच लिटर वाचलं. घाट, गर्दी आणि चालकाची सवय यांत यातलं थोडं हरवतं, पण जे उरतं ते दररोज उरतं.

वळणावरचा फरक तर जिवाशी खेळणारा आहे, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. टायर वळणावर गाडीला आत खेचतो तेव्हा तो ज्या दिशेला तोंड करून असतो, नेमका त्याच दिशेला जात नाही. थोडा तिरपा सरकत जातो. तेवढ्याच खेचण्यासाठी रेडियलला कमी तिरपेपणा लागतो आणि नायलॉनला जास्त, कारण नायलॉनची पाठ आणि भिंत एकाच विणीने बांधलेली आहे. भिंत कलंडली की पाठीची एक कड उचलली जाते. रेडियलची भिंत कलंडते, पण बेल्ट जमिनीवर तसाच चिकटून राहतो.

आता प्रीमियर पद्मिनीसारखी, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळणारी जुनी गाडी घ्या. चारही टायर नायलॉनचे. पुढचे दोन झिजले म्हणून मालकाने नवे रेडियल आणले आणि पुढेच लावले. साधं तर्कशास्त्र असं की चांगला टायर स्टेअरिंगच्या चाकाला हवा. समजा एका वळणावर पुढच्या रेडियलना तीन अंशांचा तिरपेपणा लागला आणि मागच्या नायलॉनना पाच अंशांचा. गाडीचं शेपूट पुढच्यापेक्षा जास्त बाहेर सरकलं. त्यामुळे गाडीचं तोंड चालकाने वळवलं त्याहून अधिक आत वळलं. वळण आणखी तीव्र झालं, त्याला आणखी जोर लागला, शेपूट आणखी बाहेर गेलं. कोरड्या रस्त्यावर हळू जाताना हे लक्षातही येत नाही. पावसात, जरा वेगात, मागचे टायर पकड सोडतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. तेच दोन रेडियल मागे लावले असते तर उलटं घडलं असतं. पुढचं टोक वळणाच्या बाहेर रेंगाळलं असतं, चालकाने स्टेअरिंग अजून थोडं वळवलं असतं, वेग कमी केला असता आणि गाडी सावरली असती. हा दुसरा प्रकारही चांगला नाही. चारही टायर एकाच जातीचे असावेत हेच बरोबर. पण पुढे रेडियल आणि मागे नायलॉन ही जोडी ब्रिटनमध्ये कायद्याने बंद आहे, आणि एकाच अॅक्सलवर दोन जाती ठेवणंही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर आणि जुन्या छोट्या टेम्पोंवर मिळेल तो टायर लावलेला आजही दिसतो, तेव्हा काळजी वाटते.

अमेरिकेने रेडियल पुष्कळ उशिरा घेतला. तिथले रस्ते सरळ आणि पेट्रोल स्वस्त. गाड्या गादीसारख्या मऊ चालाव्यात अशी लोकांची सवय. बेल्टमुळे कमी वेगाला रस्त्याचे बारीक धक्के जास्त जाणवतात, म्हणून गाडीचं सस्पेन्शनही त्याप्रमाणे बदलावं लागतं. तिथल्या कंपन्यांनी १९६७ च्या सुमारास मधला मार्ग काढला. तिरप्या विणीचा जुनाच टायर, वर फक्त बेल्टची भर. तो जुन्या यंत्रांवर बनत होता. पण १९७० च्या लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क ३ वर मिशलॅनचे रेडियल कारखान्यातूनच बसून आले, पुढे तेल महागलं आणि मधल्या मार्गाचे दिवस संपले. घाईने रेडियलकडे वळण्याची किंमतही तिथे मोजावी लागली. फायरस्टोनचे ‘५००’ नावाचे पोलादी बेल्टचे रेडियल १९७८ मध्ये लाखोंनी परत बोलवावे लागले, कारण त्यांचे बेल्ट सुटून येत होते.

आपल्याकडे कार आणि ट्रक यांची गोष्ट वेगवेगळी झाली. कारमध्ये मारुती आल्यानंतर रेडियल झपाट्याने पसरला. ट्रकने मात्र पुढे कित्येक वर्षं नायलॉन सोडलं नाही, आणि त्याला मागासलेपण म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. माझ्या काकांचे दोन सहाचाकी ट्रक होते. ऊस, वाळू, विटा, मिळेल तो माल. मी नुकताच या धंद्यात शिरलो होतो आणि त्यांना रेडियलचे फायदे सांगत होतो. काका म्हणाले, “पोरा, तुझा टायर गुळगुळीत रस्त्यावर पळणारा. माझी गाडी खाणीत जाती. खडीची धार बाजूला लागली तर तुझ्या एका तारेचं काय उरतं?”

त्यांचं बरोबर होतं. नायलॉनच्या भिंतीत अनेक थर असतात. दगडाने एक-दोन थर कापले तरी बाकीचे धरून ठेवतात, आणि गावातला पंक्चरवाला आतून ठिगळ लावून तो टायर पुन्हा चालता करतो. रेडियलच्या भिंतीत एकच थर. तो कापला की टायर बाद. शिवाय माल क्षमतेच्या दीडपट भरायचा आणि वेग चाळीसच्या आत ठेवायचा, अशा हिशोबाला नायलॉनच सोसत होता. वेग कमी म्हणून उष्णता आवरलेली राहायची. खरेदीला स्वस्त, आणि घासल्यावर रबर चढवून देणारे कारखाने तालुक्या-तालुक्याला. एसटी महामंडळाने तर टायर पुनःस्तरणाचे स्वतःचे प्रकल्पच उभे केले.

पुढे रस्ते बदलले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, सुवर्ण चतुष्कोनाचं चौपदरीकरण झालं, २००१ मध्ये व्होल्वोची बी७आर बस भारतात आली आणि रात्रभर न थांबता मोठ्या वेगाने धावणाऱ्या बसगाड्या हे नेहमीचं दृश्य झालं. अशा वापरात नायलॉनची उष्णता आवरत नाही. बसमध्ये माणसं बसलेली असतात, भार जवळपास ठरलेला असतो, रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा असतो आणि डिझेलचा खर्च रोज मोजला जातो. रेडियलला लागतं ते सगळं तिथे आहे. म्हणून लांब पल्ल्याच्या बस आधी वळल्या, मग कंटेनर आणि पार्सलचे ट्रक. ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि खाणीतल्या गाड्यांवर तिरप्या विणीचा टायर आजही आहे, आणि ते योग्यच आहे.

रेडियल घेतला की टायर बघण्याच्या जुन्या सवयी मात्र मोडाव्या लागतात. चालक ढाब्यावर उतरून प्रत्येक टायरवर टॉमी मारतो आणि आवाजावरून हवा ओळखतो. नायलॉनची भिंत ताठ असल्याने त्यात हवा कमी झाली की नजरेला कळतं. रेडियलची भिंत पूर्ण हवा असतानाही खाली फुगलेली दिसते. ती तशीच असायला हवी. हे माहीत नसलेला माणूस फुगीरपणा बघून जास्त हवा भरतो. दुसरा माणूस ‘रेडियल असाच दिसतो’ म्हणून खरोखर कमी हवेचा टायर तसाच पळवतो. रेडियलची हवा गेजनेच मोजायची, आणि टायर थंड असताना.

टायरच्या भिंतीवर दिसणाऱ्या दोन खुणांबद्दल कारमालक मला सतत विचारतात. भिंतीवर उभी बारीक घळ दिसते, आत दबलेली. तिथे थराची दोन टोकं एकावर एक जोडलेली असतात, त्यामुळे तो भाग जास्त ताठ असतो आणि कमी फुगतो. ती खूण निर्धोक आहे. फुगा मात्र वेगळा. खड्ड्यात चाक आपटलं की रिम आणि रस्ता यांच्यात भिंत चिमटली जाते, काही दोरे तुटतात आणि हवा त्या जागेतून बाहेर ढकलायला लागते. बोराएवढा फुगा असला तरी तो टायर काढायचा. त्याला ठिगळ नाही. आणि सरळ रस्त्यावर कमी वेगात स्टेअरिंग लयीत डुलायला लागलं, नक्षीवर हात फिरवताना एका जागी उंचवटा लागला, तर बेल्टची कड आतून सुटायला लागलेली असू शकते. बेल्टच्या कडेशी तारा कापलेल्या असतात, तिथेच रबरावर ताण सर्वांत जास्त येतो. व्हील बॅलन्सिंग करून ते डुलणं थांबत नाही.

ट्रक-बसच्या रेडियलचा सगळ्यात घातक दोष बाहेरून दिसत नाही. मागच्या चाकांच्या जोडीतला आतला टायर घ्या. त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचवणं त्रासाचं, म्हणून तिथली हवा महिनोन्महिने कुणी बघत नाही. हवी ती १२० पीएसआय, आहे ती ८०. भार बाहेरच्या जोडीदाराने उचललेला, म्हणून गाडी चालत राहते. आतल्या टायरची भिंत मात्र प्रत्येक फेरीत जास्त वाकते. पोलादी तार वाकून वाकून थकते, एकेक बारीक धागा तुटतो, शेजारची तार त्याचा भार घेते. रबर अखंड असल्यामुळे वरून काहीच कळत नाही. मग पंक्चर निघतं, टायर खाली उतरतो, पंक्चरवाला ते काढतो आणि पूर्ण दाबाने हवा भरायला लागतो. त्या वेळी थकलेल्या तारा एकामागून एक तुटतात आणि भिंत झिप उघडावी तशी हातभर लांब फाटते. शेजारी वाकून बसलेला माणूस यात जातो.

म्हणून शेडमधल्या मुलांना मी हा नियम पाठ करून घ्यायला लावतो. हवी त्याच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेला ट्रकचा रेडियल हा हवा नसताना चाललेला टायर समजायचा. १२० पीएसआयच्या टायरला ९६ पीएसआय ही ती रेघ. त्याला गाडीवरच हवा मारायची नाही. रिमवरून काढायचा, आतून उजेड टाकून भिंतीवर सुरकुत्या किंवा घासलेला, चुरा झालेला पट्टा दिसतो का बघायचं, बोटांनी दाबून कुठे मऊ लागतं का तपासायचं. पुन्हा बसवल्यावर लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचा, लांब नळीला क्लिप लावायची आणि स्वतः भिंतीच्या रोखात नसलेल्या जागी उभं राहायचं. आधी २० पीएसआयपर्यंत भरून थांबायचं आणि दोन्ही बाजू लांबून न्याहाळायच्या. लाटा उठल्यासारखं दिसलं किंवा आतून टकटक तडतडल्याचा आवाज आला, तर हात न लावता नळीनेच हवा सोडायची. त्या टायरचं रबर नवं कोरं असलं तरी तो भंगारात टाकायचा, आणि कुणी पुन्हा उचलून वापरू नये म्हणून दोन्ही बीड कापून टाकायचे.